मागच्या वर्षीवर दहा टक्के

जानेवारी संपत आला की धर्मादाय रुग्णालयांत आणि शिक्षणसंस्थांत एकच गडबड सुरू होते. अकाउंट विभागाकडून प्रत्येक विभागप्रमुखाकडे तक्ता येतो. पहिल्या रकान्यात मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, दुसऱ्यात चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो आणि तिसरा रकाना रिकामा असतो. तो भरायचा असतो पुढच्या वर्षासाठी. बहुतेक विभागप्रमुख दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यावर दहा टक्के चढवून तो भरतात. विश्वस्त मंडळ त्यातले दोन टक्के कापते आणि अंदाजपत्रक मंजूर होते.

या पद्धतीला वाढाधारित अंदाजपत्रक म्हणतात. कालचा खर्च योग्यच होता असे धरून चालायचे आणि चर्चा करायची ती फक्त वाढीची. याच्या उलट टोकाला आहे शून्याधारित अंदाजपत्रक. मागच्या वर्षी किती मिळाले ते बाजूला ठेवायचे, हा विभाग कोणते काम करतो, त्या कामाला काय काय लागते आणि ते कितीला मिळते हे पहिल्यापासून मांडायचे. त्यात प्रत्येक रुपयाला कारण द्यावे लागते.

खर्च स्थिर असताना दोन्ही पद्धतींची उत्तरे फारशी वेगळी येत नाहीत. खर्च चढू लागला की फरक पडतो. कारण वाढ कशामुळे झाली हे वाढाधारित तक्ता सांगत नाही, ती किती झाली एवढेच सांगतो. हे नेमके कसे घडते ते एका विभागाचे अंदाजपत्रक उलगडून पाहू. विभाग आहे जिल्ह्याच्या गावातल्या एका मध्यम धर्मादाय रुग्णालयातला डायलिसिसचा. पुढचे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, पण अशा विभागाचा हिशेब साधारण याच रीतीने चालतो.

नव्वद लाखांचा विभाग

विभागात रोज दहा यंत्रे दोन पाळ्यांत चालतात, आठवड्यातले सहा दिवस. गेल्या वर्षी ५,२०० डायलिसिस झाली आणि खर्च आला ९० लाख रुपये. त्यात पगाराचे ३४ लाख, साहित्याचे ३६ लाख ४० हजार, वीज-पाण्याचे ९ लाख, यंत्रांच्या देखभाल कराराचे ७ लाख आणि धुलाई, कचरा, किरकोळ दुरुस्ती वगैरे मिळून ३ लाख ६० हजार. नेहमीच्या पद्धतीने विभागाने दहा टक्के वाढ मागितली, म्हणजे ९९ लाख. मंडळ फार तर आठ टक्के देईल, म्हणजे ९७ लाख २० हजार. बैठकीत जी काही ओढाताण होईल ती या दोन आकड्यांमधल्या १ लाख ८० हजारांवर. खालच्या ९० लाखांबद्दल कोणी अवाक्षर काढणार नाही.

आता त्या ९० लाखांतली एकच ओळ उचलू, साहित्याची. डायलायझर म्हणजे रक्त गाळणारी नळकांडी, रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या, सुया, द्रावणे, हेपारिन, सलाइन, हातमोजे हे सारे या ओळीत येते. त्याआधीच्या वर्षी ही ओळ ३२ लाखांची होती. एका वर्षात ती ४ लाख ४० हजारांनी वाढली. विचारले तर उत्तर ठरलेले असते: महागाई आहे आणि रुग्णही वाढलेत.

हे उत्तर तपासायला दोन वर्षांची डायलिसिसची संख्या एवढे पुरते. आधीच्या वर्षी ५,००० डायलिसिस झाली होती, म्हणजे दर डायलिसिसला साहित्य लागले ६४० रुपयांचे. गेल्या वर्षी ५,२०० झाली आणि दर वेळचे साहित्य ७०० रुपयांवर गेले. वाढलेल्या २०० डायलिसिसचे जुन्या दराने १ लाख २८ हजार होतात. ही रुग्णांमुळे झालेली वाढ. उरलेली ३ लाख १२ हजारांची वाढ दर वेळच्या ६० जादा रुपयांतून आली. खरेदीची जुनी आणि नवी बिले शेजारी ठेवली की पुरवठादारांनी वाढवलेले दर या साठांपैकी फक्त १५ रुपयांचे कारण आहेत असे दिसते. म्हणजे महागाईचा वाटा ७८ हजारांचा. बाकीचे दर वेळचे ४५ रुपये, एकूण २ लाख ३४ हजार, ना महागाईने गेले ना रुग्णांमुळे. वाढीचा निम्म्याहून मोठा भाग विभागाच्या काम करण्याच्या पद्धतीत कुठेतरी आहे.

पंचेचाळीस रुपये कुठे गेले

आपल्याकडे अनेक केंद्रांत डायलायझर एकदा वापरून टाकत नाहीत. तो त्याच रुग्णाच्या नावाने राखून ठेवतात, धुऊन निर्जंतुक करतात आणि पुन्हा त्याच रुग्णासाठी वापरतात. मात्र प्रत्येक वेळी त्याच्या पोकळ तंतूंची धारणक्षमता मोजावी लागते. ती मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की डायलायझर टाकून द्यायचा, हा नियम आहे आणि त्यात तडजोड नाही. आपल्या विभागात एक डायलायझर ९०० रुपयांना पडतो. तो पाच वेळा चालला तर दर वेळचा खर्च १८० रुपये. चारच वेळा चालला तर २२५ रुपये. फरक नेमका ४५ रुपयांचा.

म्हणजे डायलायझर पूर्वीपेक्षा लवकर बाद होऊ लागले. वापराच्या नोंदवहीत ते दिसते, कारण प्रत्येक डायलायझर कितव्या वापराला बाद झाला हे तिथे लिहिलेले असते. कारण शोधताना पाळीची वेळ पाहावी लागते. पहिल्या पाळीचे रुग्ण उठतात तेव्हा दुसऱ्या पाळीचे रुग्ण दारात बसलेले असतात. रुग्ण वाढले, तंत्रज्ञ तेवढेच राहिले. त्यांनी आधी नव्या रुग्णांना यंत्रावर घेतले आणि वापरलेले डायलायझर तासभर तसेच पडून राहिले. आत उरलेले रक्त तंतूंत गोठले की पुढची धुलाई ते पूर्ण काढू शकत नाही.

वाढाधारित तक्ता इथे नुकसान करतो. ३६ लाख ४० हजार हा आकडा त्याने पाया म्हणून स्वीकारला, त्यावर दहा टक्के चढवले आणि ४० लाख दिले. विभागातली अडचण त्यामुळे कायमची तरतूद होऊन बसली. पुढच्या वर्षी तिच्यावरही दहा टक्के चढतील.

शून्यापासून मांडणी

शून्याधारित मांडणी खर्चाच्या शीर्षापासून सुरू होत नाही, ती कामापासून सुरू होते. विभागात सध्या ४० रुग्ण आहेत. त्यांतले २४ आठवड्यातून तीनदा येतात, १६ दोनदा येतात. आठवड्याची १०४ डायलिसिस, वर्षाची ५,४०८. हे पहिले वाक्य लिहिले की बाकीचे त्याच्या मागे येते.

साहित्याची यादी एका डायलिसिसपुरती करायची आणि शेजारी नवे दर लिहायचे. डायलायझर पाच वेळा चालेल असे धरून ती येते ६८० रुपये, म्हणजे वर्षाचे ३६ लाख ७७ हजार. पण पाच वेळा चालेल असे नुसते धरून भागत नाही. पाळी बदलताना डायलायझर लगेच धुण्यासाठी एक मदतनीस लागेल. त्याचे वर्षाचे १ लाख ८० हजार. तो नसेल तर नव्या दराने साहित्यात सुमारे २ लाख ५५ हजार जादा जातील. शून्याधारित पद्धत म्हणजे कपात हा समज इथे चुकीचा ठरतो. तिने एक जादा माणूस मागितला आणि तो का हवा तेही सांगितले.

देखभालीच्या ओळीत दुसरी गोष्ट सापडते. करार बारा यंत्रांचा आहे. दहा रोज चालतात, अकरावे बिघाडाच्या वेळी लागते म्हणून राखीव आहे. बारावे दीड वर्ष कोपऱ्यात बंद आहे, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. तरी दर वर्षी त्याच्या कराराचे ४५ हजार जातात, कारण नूतनीकरणाच्या वेळी मागच्याच यादीवर सही होते. ते वगळले की करारांचे दर वाढूनही ही ओळ ७ लाखांवरच राहते.

किरकोळ खर्चाच्या ३ लाख ६० हजारांत ८० हजार गेल्या पावसाळ्यातल्या छताच्या दुरुस्तीचे आहेत. छत दर वर्षी गळणार नाही, पण एकदा झालेला खर्च पायात मिसळला की दर वर्षी त्याची तरतूद होते. तो काढून आणि दरवाढ धरून ही ओळ ३ लाखांची होते.

वीज-पाण्याचे ९ लाख ६० हजार होतात. इथे फारसे काही काढता येत नाही. चार तासांच्या एका डायलिसिसला यंत्रातून साधारण १२० लिटर द्रावण जाते आणि त्यासाठी लागणारे शुद्ध पाणी तयार करताना त्याशिवाय बरेच पाणी वाया जाते. दहाऐवजी आठ यंत्रे चालली तरी शुद्धीकरण यंत्रणा चालवावीच लागते. पगार वार्षिक वाढ धरून ३६ लाख. सगळे मिळून, नव्या मदतनिसासह, ९४ लाख २० हजार. आज जेवढे काम चालले आहे तेवढेच, उलट थोडे अधिक नीट चालवण्याची ही किंमत. विभागाने याच कामासाठी ९९ लाख मागितले होते.

एकेक संच

हा झाला पहिला निर्णय-संच. शून्याधारित पद्धतीत विभागाचे काम अशा संचांत बांधतात. पहिला संच किमान कामाचा. त्याच्यावर दुसरा, तिसरा असे वाढीव कामाचे संच ठेवायचे. प्रत्येक संचापुढे तीन गोष्टी लिहायच्या: यातून काय मिळेल, किती लागेल, नाही दिले तर काय होईल. मग विभागप्रमुख त्यांचा प्राधान्यक्रम लावतो, पुढे सगळ्या विभागांचे संच एका यादीत येतात आणि पैसे जिथे संपतात तिथे रेघ ओढली जाते.

आपल्या विभागाचा दुसरा संच प्रतीक्षायादीतल्या तीन रुग्णांचा. आठवड्यातून तीनदा धरून वर्षाची ४६८ डायलिसिस. दहा यंत्रे दोन पाळ्यांत वर्षभर चालली तर ६,२४० डायलिसिस होऊ शकतात, म्हणजे या तिघांना आहे त्या पाळ्यांत जागा आहे. नवा तंत्रज्ञ नको, नवे यंत्र नको. फक्त साहित्य आणि थोडी वीज, मिळून सुमारे ३ लाख ६३ हजार. एका डायलिसिसला ७७६ रुपये. पहिल्या संचात हाच आकडा १,७४२ रुपये होता. पगार, करार, पाणी-शुद्धीकरण हे आधीच भरलेले असल्यामुळे पुढचा रुग्ण इतका स्वस्त पडतो.

तिसरा संच संध्याकाळच्या तिसऱ्या पाळीचा. तिथे मात्र स्वतंत्र तंत्रज्ञ, परिचारिका, रात्रीची सुरक्षा हे सारे लागते. खर्च पुन्हा उडी घेतो, म्हणून तो वेगळा ठेवायचा आणि त्यावर वेगळा विचार करायचा.

पहिले दोन संच मिळून ९७ लाख ८३ हजार होतात. मागितलेल्या ९९ लाखांपेक्षा कमी पैशांत तीन रुग्ण जास्त. मंडळाने ९७ लाख २० हजारांवर रेघ ओढली तर दोनच रुग्ण घेता येतील, तिसरा राहील. आता बैठकीतली चर्चा बदलते. विश्वस्तांना दोन टक्के कापल्याचा परिणाम टक्क्यांत दिसत नाही, एका रुग्णाच्या वर्षभराच्या उपचारात दिसतो. ६३ हजार रुपये उभे करायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर ते समजून उमजून देऊ शकतात.

काही गोष्टी मात्र कोणत्याही संचात प्राधान्यक्रमाला ठेवायच्या नसतात. पाण्याची जंतुतपासणी, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, धर्मादाय रुग्णालयांना राज्यात बंधनकारक असलेली निर्धन रुग्णांसाठीची तरतूद या पहिल्या संचाच्या आतच असतात. त्यांच्यावर मतदान घ्यायचे नसते.

ही पद्धत कुठे फसते

एवढी उघड सोय असताना सगळे जण दर वर्षी शून्यापासून का मांडत नाहीत? उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असा प्रयोग केला. एरन विल्डाव्हस्की आणि आर्थर हॅमंड या अभ्यासकांनी तो तपासला. अधिकाऱ्यांनी कागदांचे ढीग तयार केले होते, पण निर्णय फारसे बदललेच नव्हते. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पायर यांनी निर्णय-संचांची रीत बसवली आणि १९७० मध्ये तिच्यावर लेख लिहिला. तो वाचून जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी ती राज्यात आणली आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९७७ मध्ये केंद्रातही. रेगन सरकारने १९८१ मध्ये ती बंद केली. महाराष्ट्रात १९८६ मध्ये मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या काळात शून्याधारित अर्थसंकल्पाची खूप चर्चा झाली, त्यांचे नाव आजही या कल्पनेशी जोडले जाते. पण दर वर्षी, सगळीकडे, सगळ्या खर्चाला ही पद्धत लावणे जवळपास कुठेच टिकले नाही.

पहिले कारण श्रमांचे. आपल्या एका विभागाची मांडणी नीट करायला विभागप्रमुख, स्टोअरकीपर आणि अकाउंटंट यांना काही आठवडे लागतील. वीस विभागांचे असेच करायचे म्हटले तर संचांचा ढीग होतो आणि तो वाचायला कोणाला वेळ नसतो. मग विभागप्रमुख मागच्या वर्षीचाच आकडा घेतात, तो संचांत वाटून लिहितात आणि शून्यापासून मांडल्याचा देखावा करतात. हे ओळखता येते. संचांची बेरीज मागच्या वर्षाच्या रकमेच्या आसपास येऊन थांबली, किंवा संचात कामाची संख्या नसून फक्त रक्कम असली, तर ती मांडणी शून्यापासून झालेली नाही.

दुसरे कारण डावपेचांचे. विभागप्रमुखाला कळते की रेघेखाली जे जाईल ते कापले जाईल. मग तो गरीब रुग्णांची सवलत सर्वांत शेवटच्या संचात ठेवतो आणि आपल्या केबिनचा खर्च पहिल्या संचात घुसवतो. सवलत कापायला कोणी धजत नाही, त्यामुळे सगळेच मंजूर होते. म्हणून पहिल्या संचातली प्रत्येक ओळ रुग्णाच्या उपचाराशी जोडता येते का, हे अकाउंटंटने नव्हे तर दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरने वाचावे.

तिसरे कारण पगाराचे. खर्चाचा जो भाग कायम नोकऱ्यांत गुंतला आहे तो शून्यापासून मांडला तरी एका वर्षात बदलत नाही. शाळेत हे अधिक दिसते. अनुदानित शाळेचे पगार शासनाकडून येतात. शाळेच्या हातात उरते वेतनेतर खर्चाची छोटी रक्कम: वीज, प्रयोगशाळा, ग्रंथालय, दुरुस्ती, छपाई. तिथे पगारावर शून्याधारित मांडणी करत बसणे निरर्थक आहे. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची ओळ मात्र डायलिसिससारखीच उलगडता येते. अभ्यासक्रमात किती प्रयोग आहेत, मुलांच्या किती तुकड्या आहेत, एका प्रयोगाला एका गटाला किती रसायन लागते हे मांडले की कपाटात मुदत उलटून पडलेल्या बाटल्यांचे कारणही कळते. बहुतेक वेळा त्या मार्चमध्ये घेतलेल्या असतात, कारण शिल्लक राहिलेली रक्कम पुढच्या वर्षी कापली जाईल अशी भीती असते. वाढाधारित पद्धत काटकसरीला शिक्षा करते ती अशी. महिनावार खरेदीचा तक्ता काढला आणि मार्चचा आकडा इतर महिन्यांच्या दुप्पट-तिप्पट दिसला, तर त्या विभागाचा पाया तपासायची वेळ आली आहे असे समजावे.

दोन्हींचा मेळ

वाढाधारित अंदाजपत्रक टाकाऊ नाही. ते एका दुपारी होते, लोकांना समजते आणि पुढच्या वर्षी किती मिळणार याची खात्री देते. ज्या विभागाचे काम वर्षानुवर्षे सारखे आहे तिथे तेच योग्य. मात्र मागच्या वर्षावर टक्के चढवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. एकदाच झालेले खर्च पायातून काढावेत. प्रत्येक मोठ्या ओळीची वाढ कामाची संख्या, दर आणि काम करण्याची पद्धत अशी तीन भागांत फोडावी. आणि खर्चाशेजारी कामाचा आकडा लिहावा, मग ते डायलिसिस असो, क्ष-किरण तपासणी असो की प्रयोगांचे तास.

ही फोड केल्यावर ज्या विभागात तिसरा भाग, म्हणजे पद्धतीतून आलेली वाढ, मोठा निघेल तो विभाग त्या वर्षी शून्यापासून मांडायला घ्यावा. दर वर्षी एक-दोन विभाग घेतले तर काही वर्षांत सगळ्यांची पाळी येते आणि कोणावरच कागदांचा डोंगर कोसळत नाही. महागाईने वाढलेला खर्च शून्याधारित मांडणीने कमी होत नाही, त्यासाठी पुरवठादाराशी घासाघीसच करावी लागते. रुग्णांमुळे वाढलेला खर्च कमी करायचाही नसतो, तो तर संस्थेचा हेतू आहे. उरतो तो तिसरा भाग. तो वेगळा काढून दाखवता आला, तर विश्वस्तांकडे जादा पैसे मागायला विभागप्रमुख ताठ मानेने जाऊ शकतो, कारण मागितलेल्या प्रत्येक रुपयाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे त्याला सांगता येते.